जाड तार, लांब तार आणि आजोबांचा तंबोरा: तारा निवडण्याआधी एवढं समजून घ्या

गेल्या श्रावणात भाची फोंड्याला माझ्याकडे आली ती एका खांद्यावर आजोबांचा तंबोरा आणि हातात तुटक्या तारांचं वेटोळं घेऊन. आजोबा काळी एकमध्ये गायचे, ही गाते काळी पाचमध्ये. मिरजेचा मोठा, पुरुषी तंबोरा. घोडीपासून वरच्या हाडाच्या पट्टीपर्यंत मोजलं तर तार बरोबर १ मीटर भरते. पोरीनं सगळ्या तारा खुंट्या पिळून आपल्या स्वरात चढवायला घेतल्या. पहिली पितळी पंचमाची तार गेली. मग जोडीतली एक. दुकानात गेली तर दुकानदार म्हणाला, "बारीक तार लाव, बारीक तारेचा स्वर आपोआप चढतो." तिनं बारीक लावली. तीही तुटली.

"मामा, तो खोटं सांगत होता का?"

खोटं नव्हतं सांगत. अर्धंच सांगत होता. बारीक तारेचा स्वर वर जातो हे खरं, पण बारीक तार लावल्यानं तुटायची थांबत नाही. हे कसं, ते समजायला तंबोरा बाजूला ठेवून आम्ही आधी बालदी घेतली. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. तंबोऱ्याच्या तारा स्वतः बदलायच्या असतील तर हा एक दुपारचा खटाटोप पुढे पुष्कळ तारा वाचवतो.

दाराची चौकट आणि बालदी

गिटारच्या सुट्या तारा गोव्यात कुठल्याही वाद्यांच्या दुकानात मिळतात. त्यातल्या साध्या, न गुंडाळलेल्या दोन घ्या: एक बारा नंबरची, एक सोळा नंबरची. हा नंबर म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणून बारा म्हणजे साधारण ०.३० मिलिमीटर जाडी आणि सोळा म्हणजे ०.४०. तारेच्या एका टोकाला पितळेची छोटी चकती असते, ती लाकडी चौकटीतल्या भक्कम खिळ्यात अडकवा. जुन्या घराची सागवानी चौकट असेल तर उत्तमच. दुसरं टोक बालदीच्या कडीला पाच-सहा वेढे देऊन पक्कं करा. पोलादी तारेची साधी गाठ सुटते, वेढे लागतातच. खिळ्यापासून कडीपर्यंत साधारण ८० सेंटिमीटर तार मोकळी राहील. बालदी जमिनीपासून वीतभरच वर ठेवा आणि तिच्याखाली पाय नेऊ नका. तार तुटली तर वरचं टोक चाबकासारखं फिरतं, तेव्हा छेडताना तोंड तारेच्या रेषेतून बाजूला ठेवा.

आता रिकामी बालदी वजनकाट्यावर ठेवून पाहा. आमची अर्धा किलोची निघाली, म्हणून तिच्यात दीड लिटर पाणी घातलं. एकूण २ किलो. बालदी झुलायची थांबू द्या, तार बोटानं छेडा आणि कान चौकटीच्या लाकडाला लावा. हवेतून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, लाकडातून मात्र स्पष्ट गुंजन येतं. भाचीनं कान लावला आणि डोळे मोठे केले. मोबाइलवरच्या ट्यूनरनं ११५ हर्ट्झच्या आसपास दाखवलं. योगायोग असा की काळी पाचचा खालच्या सप्तकातला षड्ज जवळजवळ तिथेच आहे, म्हणून आम्ही यालाच सा धरलं.

पाणी वाढवून एकूण वजन ४ किलो केलं. ओढ दुप्पट झाली, तर स्वरही दुप्पट होऊन वरचा सा लागेल असं तिला वाटलं होतं. लागला तीव्र मध्यम! बालदी ८ किलोची केली तेव्हा कुठे वरचा सा आला. म्हणजे ताण चौपट केला की स्वर दुप्पट. मधे साडेचार किलोला थांबलो तर तिथे पंचम सापडतो, कारण २ किलोच्या सव्वादोन पट म्हणजे साडेचार, आणि सव्वादोनचं वर्गमूळ दीड. पंचम हा षड्जाच्या दीडपट कंपनांचा स्वर. हे हिशेब कागदावर कितीही वेळा वाचले तरी दाराला कान लावून तीव्र मध्यम ऐकल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

लांबीची गोष्ट सोपी आहे. वजन तसंच ठेवून तारेच्या बरोबर मध्यावर सुरीची मागची धार टेकवा आणि वरचा अर्धा भाग छेडा: वरचा सा. लांबी निम्मी, स्वर दुप्पट, इथे वर्गमूळ नाही. सुरी जोरात दाबू नका. दाबली की ओढ वाढते आणि स्वर थोडा चढाच येतो. दोन तृतीयांश लांबी मोकळी ठेवली तर पंचम.

आता बारा नंबरची तार काढून सोळाची लावा. वजन तेच २ किलो, लांबी तीच ८० सेंटिमीटर. स्वर उतरेल, आणि उतरून थेट मंद्र पंचमावर बसेल. बारा भागिले सोळा म्हणजे पाऊण, आणि मंद्र पंचम हा षड्जाच्या पाऊणपट. तंबोऱ्याची पहिली तार आणि जोडीच्या तारा यांच्यात नेमकं हेच नातं असतं. गिटारच्या दोन तारांनी ते दारावर लटकवून दाखवलं याची मला आजही गंमत वाटते.

असं का होतं

तार छेडली की तिच्यात एक लाट उठते. ती एका टोकाकडे धावते, आपटून परत फिरते, दुसऱ्या टोकाला आपटून पुन्हा मूळ जागी येते. ही एक पूर्ण फेरी म्हणजे एक कंपन. सेकंदाला जितक्या फेऱ्या, तितके हर्ट्झ. तेव्हा स्वर दोनच गोष्टींवर ठरतो: लाटेला किती लांब जायचं आहे आणि ती किती वेगानं जाते.

तार लांब असली की फेरी लांबते, सेकंदात कमी फेऱ्या होतात, स्वर उतरतो. लांबीचं काम इथेच संपलं.

वेग मात्र दोघांच्या रस्सीखेचीतून ठरतो. वाकलेल्या तारेला सरळ करायला ताण ओढत असतो, आणि तारेचं स्वतःचं वजन त्या हालचालीला आळस देत असतं. ताण जास्त तर तार चटकन जागेवर येते, लाट पळते. तार जड तर तेवढीच ओढ तिला हळू हलवते, लाट रेंगाळते. आजोबांच्या तंबोऱ्यात काळी एकच्या जोडीच्या तारेत लाट सेकंदाला सुमारे २७७ मीटर धावते. त्याच लांबीच्या खर्जात बरोबर निम्म्या वेगानं. लांबी सारखी असूनही खर्ज एक सप्तक खाली बोलतो तो एवढ्यासाठी.

हे नातं मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकानं १६३६ साली छापून मांडलं. आज ते असं लिहितात:

f = (1 / 2L) × √(T / μ)

f म्हणजे कंपनसंख्या, L मोकळी लांबी, T ताण आणि μ म्हणजे तारेच्या एक मीटर तुकड्याचं वजन. इथे नीट पाहा, सूत्रात जाडी नावाची वस्तूच नाही. जाडी येते ती वजनाच्या मागून. तारेची जाडी दुप्पट केली की तिचं गोल तोंड चौपट होतं, म्हणून मीटरमागे वजन चौपट होतं, त्याचं वर्गमूळ दोन, आणि स्वर निम्मा. म्हणून "जाड तार खाली बोलते" यापेक्षा "जड तार खाली बोलते" हे जास्त बरोबर. पितळ पोलादापेक्षा थोडं जड असतं, तेव्हा त्याच जाडीची पितळी तार थोडी खालीच बोलेल.

मग खूप जाड तार घेऊन काहीही खाली आणता येईल का? एका मर्यादेपर्यंतच. जाड सळईसारखी तार ताणापेक्षा स्वतःच्या ताठपणानंच सरळ होऊ लागते आणि तिचे वरचे उपस्वर चढे, बेसूर येतात. गिटारच्या खालच्या तारांना म्हणूनच बारीक गाभ्यावर धातूचा दोरा गुंडाळलेला असतो: वजन वाढतं, लवचीकपणा राहतो. तंबोऱ्याची तार एवढी लांब असते की साध्या पितळी तारेवरही खर्ज छान निघतो.

आजोबांच्या तंबोऱ्याचा हिशेब

भाचीच्या प्रश्नाकडे परत येऊ. काळी एकचा मधला सा १३८.६ हर्ट्झ. लांबी १ मीटर. जोडीची पोलादी तार ०.३० मिलिमीटर, तिचं मीटरमागे वजन ०.५५५ ग्रॅम. वरचं सूत्र उलटं फिरवलं की ताण मिळतो:

T = 4 × L² × f² × μ = 4 × 1² × 138.6² × 0.000555 = 42.6 N

याला ९.८१ नं भागलं की साधारण ४.३ किलोची ओढ. म्हणजे दारावरच्या बालदीत जवळपास तेवढं पाणी. चारही तारा अशाच ओढल्या तर भोपळ्यावरच्या तबलीवर आणि खालच्या लंगोटावर एकूण १७ किलोचा भार. तंबोरा त्यासाठीच बांधला होता.

काळी पाच म्हणजे २३३ हर्ट्झ, काळी एकच्या १.६८ पट. ताण वर्गानं वाढतो, तेव्हा २.८ पट: एका तारेवर १२ किलोहून जास्त, चार तारांचे मिळून पन्नासच्या जवळ. वाद्यांसाठी काढलेली चांगली पोलादी तार या जाडीत १५-१६ किलो सोसते, पण सरळ असेल तर. खुंटीवर वेढा घेताना ती वाकते, भोकाच्या कडेवर घासते, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत महिनाभर राहिली असेल तर गंजलेलीही असते. मग बाराच पुरे होतात. भाचीच्या तुटक्या तारा पाहिल्या तर तीनपैकी दोन खुंटीच्या भोकापाशीच तुटलेल्या होत्या.

पितळी पंचम सगळ्यात आधी का गेला? पितळ पोलादाच्या निम्मीही ओढ सोसत नाही. खालच्या स्वरात ते आनंदानं राहतं, म्हणून खर्ज पितळी असतो. त्याला वर चढवलं की ते गेलंच.

आता दुकानदाराचा सल्ला. जोडीची तार ०.३० ऐवजी ०.२५ची घेतली तर काळी पाचला १२ ऐवजी साडेआठ किलोच ओढ लागते, हे बरोबर. पण ती तार मुळात बारीक, तिची ताकदही त्याच प्रमाणात कमी. साधारण दहा किलोला ती तुटणार. म्हणजे तुटण्यापासूनचं अंतर होतं तिथेच राहिलं.

भाचीला हे पटेना, म्हणून मी तिला म्हटलं, "समज, चार बारीक तारा शेजारी शेजारी एकाच स्वरात लावल्या आहेत. आता त्या चिकटवून एक जाड तार केली. त्यातल्या एकीला तरी कळेल का, की ती आता जुडीत आहे?"

"नाही कळणार. तिची ओढ तीच."

"मग ती एकटी तुटणार असेल तर जुडीतही तुटणार. आणि जुडीत टिकणार असेल तर एकटीही टिकेल."

थोडक्यात, धातू आणि लांबी ठरली की तार जास्तीत जास्त कुठल्या स्वरापर्यंत जाईल हे ठरून गेलं. जाडीनं त्यात काहीच फरक पडत नाही. म्हणूनच बायकांचे तंबोरे लहान बांधतात. लांबी ८५ सेंटिमीटर केली की काळी पाचला त्याच ०.३० तारेवर १२ऐवजी ९ किलोच्या आत काम भागतं, आणि थोडी बारीक तार लावून तबलीवरचा भार आणखी कमी करता येतो. इथे बारीक तार उपयोगी पडते ती वाद्याला वाचवायला, तारेला नव्हे.

मग त्या तंबोऱ्याचं काय करायचं

खरा उपाय लहान तंबोरा. पण आजोबांचा तंबोरा माळ्यावर टाकायचा हे भाचीला मान्य नव्हतं, म्हणून आम्ही दुसरी वाट धरली: काळी पाच, पण एक सप्तक खाली, ११६.५ हर्ट्झ. गंभीर घुमतो आणि तिच्या आवाजापेक्षा वाद्यच भारदस्त वाटतं. घरच्या रियाजाला मला ते चालतं, बैठकीत मी तसा लावणार नाही.

आता उलटी अडचण. ११६.५ हे काळी एकच्या खाली आहे, तेव्हा जुन्याच तारा तिथे उतरवल्या तर ताण ४.३ किलोवरून ३ वर येतो. तार सैल लोंबते, जवारीवर खडखडते, आणि जोरात छेडली की स्वर आधी चढा येऊन मग खाली बसतो. यावर औषध जाडीचं. ताण आणि लांबी तीच ठेवायची असेल तर जाडी स्वराच्या उलट प्रमाणात बदलायची. १३८.६ भागिले ११६.५ म्हणजे १.१९, तेवढ्या पटीनं प्रत्येक तार जाड. जोड ०.३०ची ०.३६ होते. खर्ज आणि पंचम काढायची रीतही हीच: त्याच धातूत खर्ज जोडीच्या दुप्पट जाड, पंचम जोडीच्या एक तृतीयांश जास्त जाड. पितळी घ्यायची असेल तर पितळ जड असल्यानं त्यातून चार टक्के जाडी कमी करा.

दुकानात हे मिलिमीटर सांगितले तर मात्र समोरचा तुमच्याकडे बघत राहील. तंबोऱ्याच्या तारा गेजच्या नंबरावर मिळतात आणि हा नंबर गिटारच्या उलटा चालतो: नंबर मोठा, तार बारीक. नवख्यांचे पैसे बहुतेक इथेच वाया जातात. प्रचलित ब्रिटिश गेजमध्ये २२ म्हणजे ०.७१ मिलिमीटर, २४ म्हणजे ०.५६, २६ म्हणजे ०.४६, २८ म्हणजे ०.३८, २९ म्हणजे ०.३५ आणि ३१ म्हणजे ०.३०च्या किंचित आत. आजोबांच्या जुन्या तारा जोड ३१ पोलादी, पंचम २८ पितळी आणि खर्ज २४ पितळी निघाल्या. हिशेब न करता, नुसत्या कानानं कारागिरानं बसवलेले नंबर आमच्या कागदावरच्या आकड्यांना जवळजवळ चिकटलेले होते. भाचीसाठी आम्ही जोड २९ पोलादी, पंचम २६ पितळी आणि खर्ज २२ पितळी घेतला. चौघांचा मिळून ताण पुन्हा १७ किलोच्या आसपास.

पुडीवरच्या नंबरावर विसंबू नका. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा स्क्रूगेज मिळाला तर तार मोजूनच घ्या. माझ्याकडे एकदा २९ म्हणून आलेली तार ३१ निघाली होती आणि मी दोन दिवस जवारीलाच शिव्या देत बसलो.

तार चढवताना

जुन्या तारा एकदम सगळ्या काढू नका. तबलीवरचा दाब गेला की घोडी जागची हलते, आणि तिची जागा थोडी जरी सरकली तरी लांबीही बदलते आणि जवारीही. एक काढा, एक चढवा. तारेचा फास लंगोटात अडकवून मणी ओवा, मग तार घोडीवरून वर खुंटीकडे न्या. खुंटीवर तीन-चार वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. तार भोकातून वळते तिथे तिची टोकदार मोड येऊ देऊ नका. तुटायची जागा तीच.

जाड तार चढवली असेल तर वरच्या हाडाच्या पट्टीतली खाच तिला अरुंद पडते. ओळखायचं कसं? खुंटी फिरवता तेव्हा स्वर हलत नाही, आणि मग एकदम "टक्" करून उडी मारतो. तार खाचेत अडकून खुंटीच्या बाजूलाच ताण साठत असतो. खाच अगदी हलक्या हातानं रुंद करा किंवा आधी नुसती पेन्सिलची शिसं घासून पाहा, बरेचदा तेवढ्यानं भागतं. खुंटी सरकत असेल तर खडू.

आधी जोड लावा, ती स्थिर झाली की खर्ज, शेवटी पंचम. मण्यानं फक्त शेवटचा बारीक फरक काढायचा. मणी घोडीपासून लांब, लंगोटाकडे सारला की तो तारेला जास्त उचलतो, ताण किंचित वाढतो आणि स्वर चढतो. सुरुवातीलाच सगळे मणी एका टोकाला नेऊन ठेवले तर नंतर सारायला जागा उरत नाही. जवारीचा दोरा सगळ्यात शेवटी, आणि जाडी बदललेल्या तारेला तो नव्यानंच शोधावा लागतो. जुनी जागा विसरा.

नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते. वेढे आवळतात, फास बसतो. तेवढ्यात ती वाईट ठरवू नका.

बिघाड ओळखणं

तार लावलेली आहे, तरी कानाला खोटी वाटते, स्वर धरता येत नाही, असं झालं तर मध्यावर हलकेच बोट टेकवून छेडा आणि बोट उचला. वरचा सा स्वच्छ ऐकू आला पाहिजे आणि तो मोकळ्या तारेशी मिळाला पाहिजे. मिळत नसेल तर तारेचं वजन सगळीकडे सारखं नाही: कुठेतरी गंज चढलाय, मोड आलीय किंवा ओढतानाच ती असमान निघालीय. लाट एका भागात वेगानं आणि दुसऱ्या भागात रेंगाळत जाते, म्हणून उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. अशी तार कितीही लावली तरी लागत नाही. काढून टाका. गोव्यात पावसाळ्यात पोलादी तारेवर लालसर ठिपके दिसायला दोन आठवडे पुरतात. रियाजानंतर कोरड्या सुती फडक्यानं पुसणं एवढाच खर्च.

आणखी एक. वातानुकूलित सभागृहात लावलेला तंबोरा बाहेरच्या मांडवात आणला की उतरतो, आणि चारही तारा सारख्या उतरत नाहीत. खर्ज जास्त पडतो. उष्णतेनं तार प्रसरण पावते, टोकं तिथेच, म्हणून ताण सुटतो. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि जाड खर्जात दर चौरस मिलिमीटरमागे ताण मुळातच थोडा असतो, त्यामुळे तेवढ्याच सुटण्यानं त्याचा मोठा वाटा जातो. १० अंशांच्या फरकानं हिशेबात खर्ज जवळपास अर्धा स्वर उतरतो आणि जोड त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानं. म्हणून मांडवात पोचल्यावर तंबोऱ्याची खोळ काढून अर्धा तास नुसता ठेवावा, तारेला हातही लावू नये. आधी लावलात तर दोनदा लावावा लागेल.

भाचीचा तंबोरा चतुर्थीच्या आधी बसला. काळी पाच, खालच्या सप्तकात. पहिल्या दिवशी तिनं खर्ज छेडला तेव्हा माझी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा आले की काय?" दुसऱ्या दिवशी खर्ज पाव स्वर उतरला होता, तिसऱ्या दिवशी मण्याच्या एका सारण्यात लागला.